अनुभव धागा: पुरवणीवरचे उत्तर नेमके कोणत्या प्रश्नाचे?

अनघा
मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि बरीच वर्षे परीक्षक म्हणून उत्तरपत्रिका तपासते. यंदा एका गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका आली, जिच्या पुरवणीची सुरुवातच ‘म्हणून घसारा वजा करून’ अशी अर्ध्या वाक्याने होत होती. वर प्रश्न क्रमांक नव्हता आणि मुख्य उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावरचे उत्तर तर पूर्णविराम देऊन संपले होते. पाने मागेपुढे करताना लक्षात आले की दोऱ्यात दुसरी पुरवणी आधी आणि पहिली नंतर ओवली गेली होती. मुलाने सारे लिहिले होते, फक्त गाठ मारताना घाईत क्रम उलटा झाला. हातात कागद होता म्हणून मला हे पाच मिनिटांत उलगडले. पुरवणीवरची उत्तरे मूळ प्रश्नाशी जोडताना विद्यार्थी, पर्यवेक्षक किंवा परीक्षक म्हणून आपल्याला काय अनुभव आले, ते या धाग्यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

गणेश_७९
मी जुलैच्या पुरवणीला गणितात बसलो होतो आणि सुटलो. त्या परीक्षेत पेपर सोपा काढतात, असे मला वाटते. घाबरू नये.

अनघा
गणेशजी, अभिनंदन! मात्र आपण म्हणता ती पुरवणी परीक्षा. इथे प्रश्न मुख्य उत्तरपत्रिकेला जोडतात त्या जादा पानांचा आहे.

जुई
माझा अनुभव एम.कॉम.च्या कॉस्टिंगच्या पेपरचा आहे. पेपर ६० गुणांचा होता, चार प्रश्न प्रत्येकी १५ गुणांचे, आणि प्रत्येक प्रश्नात (अ) आठ गुणांचा व (ब) सात गुणांचा. मी प्रश्न १, २ आणि ३ मुख्य उत्तरपत्रिकेत सोडवले आणि प्रश्न ४ (ब) देखील तिथेच उरलेल्या पानांवर बसवला, कारण ते उत्तर लहान होते. त्यानंतर पुरवणी घेतली आणि प्रश्न ४ (अ), म्हणजे मजुरीच्या विचलनांचे उदाहरण, तिच्यावर सोडवले. वर मात्र मी केवळ ‘(अ)’ एवढेच लिहिले, कारण प्रश्न ४ चालू आहे हे माझ्या दृष्टीने उघड होते.

निकालात ३१ गुण आले. चाळिशीच्या आसपास अपेक्षा होती, म्हणून छायाप्रत मागवली. तिच्यात प्रश्न ४ (अ) समोर ‘सोडवला नाही’ अशी नोंद होती आणि पुरवणीच्या पानावर तपासल्याची एकही खूण नव्हती. कारण नंतर कळले. प्रश्न ३ (अ) ला ‘किंवा’ होता आणि तो पर्यायही मजुरीच्या विचलनांवरचाच होता, फक्त आकडे वेगळे. मी ३ (अ) चा पहिला पर्याय आधीच सोडवला होता. त्यामुळे परीक्षकांनी पुरवणीवरचा ‘(अ)’ हा ३ (अ) चा दुसरा पर्याय समजला आणि जादा उत्तर म्हणून सोडून दिला. पुनर्मूल्यांकनात त्या एका उत्तराला ६ गुण मिळून एकूण ३७ झाले. वर ‘४’ हा एक अंक लिहिला असता तर अर्ज, शुल्क आणि दीड महिन्याची वाट पाहणे, हे सर्व टळले असते. चूक माझीच होती, हे मी मान्य करते, तरी उदाहरणातले आकडे प्रश्नपत्रिकेशी ताडून पाहिले असते तर ती लगेच कळण्यासारखी होती, असेही वाटते.

रघुनाथकाका
आमच्या वेळी सरांनी बजावले होते की उत्तरे प्रश्नपत्रिकेच्या क्रमानेच लिहायची; क्रम मोडला की पुरवणी तपासतच नाहीत.

तपासनीस
काका, यात अर्धे तथ्य आहे. क्रम मोडला म्हणून कोणी तपासणे टाळत नाही. तपासणाऱ्याचे काम वाढते आणि चुकण्याची जागा वाढते, इतकेच. जुईताईंचा प्रश्न ४ (ब) हा ४ (अ) च्या आधी आला, यात गैर काही नव्हते. अडचण झाली ती अर्धवट क्रमांकामुळे.

मी काही वर्षे पडद्यावरच्या तपासणीचे काम पाहिले आहे आणि तिथे हीच अडचण वेगळ्या रूपात येते. स्कॅन करण्यापूर्वी दोरा काढतात आणि उत्तरपत्रिकेचा शिवलेला कडेचा भाग यंत्राने कापतात, म्हणजे सर्व पाने सुटी होतात. त्या क्षणापासून पुरवणी कोणाची, हे तिच्यावरच्या बारकोडवरून किंवा छापील अनुक्रमांकावरून कळते, आणि ती कोणत्या उत्तराची, हे विद्यार्थ्याने वर काय लिहिले आहे त्यावरून. परीक्षकाला एका बाजूला पान दिसते आणि दुसऱ्या बाजूला प्रश्नांची यादी. यादीतला ३ (अ) निवडून गुण दिला की तो त्याच रकान्यात बसतो. अनघाताईंनी गठ्ठ्यातली पाने मागेपुढे केली, तसे तिथे एका दृष्टिक्षेपात करता येत नाही. चौतिसाव्या पानावर असताना चौथे पान आठवावे लागते. प्रत्येक पान उघडल्याशिवाय उत्तरपत्रिका पूर्ण झाली असे मानायचे नाही, अशी सोय आम्ही वापरत होतो त्या प्रणालीत होती. पण पान उघडणे म्हणजे ते योग्य प्रश्नाला जोडणे नव्हे.

म्हणून मी मुलांना सांगतो की उत्तर पुरवणीवर जात असेल तर मुख्य उत्तरपत्रिकेच्या त्या पानाच्या तळाशी ‘प्र. ३ (ब) चे उर्वरित उत्तर पुरवणी १ वर’ असे लिहावे आणि पुरवणीच्या डोक्यावर ‘प्र. ३ (ब) पुढे चालू’ असे लिहावे. एका टोकाची नोंद राहून गेली तरी दुसऱ्या टोकाची कामी येते. पुरवणी २ असेल तर तिच्यावरही पूर्ण क्रमांक हवा, नुसते ‘पुढे चालू’ नको.

सुहास पर्यवेक्षक
वर्गातली बाजू सांगतो. मुख्य उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर जोडलेल्या पुरवण्यांची संख्या लिहायचा रकाना असतो. मुले तो पहिली पुरवणी मिळताच ‘१’ असा भरतात आणि नंतर आणखी दोन घेऊनही तो बदलत नाहीत. शेवटच्या दहा मिनिटांची घंटा झाली की मी रकाना, प्रत्यक्ष पुरवण्या आणि माझ्याकडची नोंद, असे तिन्ही ताडून पाहतो. प्रश्न क्रमांक लिहिला आहे का, हे मात्र मी सांगत नाही. तसे सांगणे म्हणजे उत्तरात मदत करणे होईल का, याबद्दल आमच्या केंद्रावर एकमत नाही.

अनघा
सुहासजी, उत्तरात ढवळाढवळ न करता ‘प्रत्येक पुरवणीवर पूर्ण प्रश्न क्रमांक आहे ना, पाहा’ असे सर्वांना एकदम सांगण्यात मला गैर वाटत नाही; एकट्यादुकट्याच्या बाकाजवळ जाऊन सांगणे वेगळे.

मेघना
आलेखाचा कागद आणि नकाशा यांचे काय? माझ्या भूगोलाच्या नकाशावर मी फक्त ठिकाणे दाखवली, प्रश्न क्रमांक लिहिलाच नाही. गुण मिळाले, पण कसे, ते कळले नाही.

तपासनीस
नकाशाचा प्रश्न बहुधा एकच असतो, म्हणून चालून गेले. आलेखाचे तसे नाही. एका पेपरात दोन आलेख असले की दोन्ही सारखेच दिसतात. तिथे मुख्य उत्तरात ‘आलेख जोडला आहे’ असे लिहून आलेखाच्या कोपऱ्यात क्रमांक घालावा.

जुई
एक शंका राहिली आहे. समजा, मी वर ‘३ (अ)’ असा स्पष्टपणे चुकीचाच क्रमांक लिहिला असता आणि खाली ४ (अ) चे आकडे असते, तर परीक्षकांनी लिहिलेला क्रमांक मानायचा की मजकूर?

अनघा
मी मजकूर मानते. माझे एक ज्येष्ठ नियामक क्रमांक मानत असत, आणि त्यावरून आमचा एकदा चांगलाच वाद झाला होता. तो मिटला नाही.