शब्दचर्चा: 'फेच बबल' म्हणजे नक्की काय आणि बीटीबी तो कसा घालवतो?

पंचवटीकर: नोट्समधे एक वाक्य आहे, "प्रेडिक्टेड टेकन ब्रँचचा फेच बबल बीटीबी काढून टाकतो." माझं अडलंय ते बबलपाशी. प्रेडिक्टर म्हणाला टेकन आणि ब्रँच खरंच टेकन निघाली, मग वाया गेलं काय? आणि बबल न स्टॉल एकच का? नाशकातच सेमिनार आहे, मराठीत बोलायचंय म्हणून विचारतोय.

कॉलेज रोड: सोप्पंय, बीटीबी म्हणजे ब्रँच घ्यायची की नाही याचा अंदाज करणारा तक्ता. अंदाज बरोबर तर बबल नाही, चुकला तर बबल.

देवळालीकर ताई: नाही रे, चुकल्यावर जे वाया जातं ते वेगळं आणि त्याहून मोठं. घ्यायची की नाही हे डायरेक्शन प्रेडिक्टर सांगतो (काही डिझाईनमधे त्याचे काउंटर बीटीबीच्याच एंट्रीत असतात, म्हणून गल्लत होते). बीटीबी सांगतो की घेतली तर जायचं कुठे. साधी पाच स्टेजची पाईपलाईन धर आणि हा लूप बघ:

```
0x100  lw   x5, 0(x10)
0x104  addi x10, x10, 4
0x108  add  x6, x6, x5
0x10c  bne  x10, x11, 0x100
0x110  ...
```

0x10c चौथ्या सायकलला फेच झाली. पाचव्या सायकलला ती डिकोडमधे गेली, तिथे पहिल्यांदा कळलं की अरे ही ब्रँच आहे आणि ऑफसेट मिळवून टार्गेट 0x100 येतंय. पण फेच युनिट काही थांबलेलं नसतं, त्याच पाचव्या सायकलला त्याने 0x110 आणून ठेवलेली असते, ती टाकून द्यावी लागते आणि 0x100 येते सहाव्याला. त्या टाकलेल्या इन्स्ट्रक्शनची रिकामी जागा पाईपलाईनमधून शेवटपर्यंत सरकत जाते, तोच बबल. म्हणजे अंदाज शंभर टक्के बरोबर असला तरी चारच्या लूपला दर फेरीला पाच सायकल.

आता बीटीबी आहे असं धर. चौथ्या सायकलला 0x10c हा पत्ता इन्स्ट्रक्शन कॅशकडे जातो आणि त्याच वेळी बीटीबीकडेही जातो. तिथे टॅग जुळला, प्रेडिक्टर टेकन म्हणाला, की साठवलेलं 0x100 बाहेर येतं आणि पाचव्या सायकलला थेट तेच फेच होतं. गंमत बघ, इन्स्ट्रक्शनचे बिट अजून कुणी वाचलेलेसुद्धा नाहीत, सगळं नुसत्या पत्त्यावरून झालं! पहिल्या फेरीला एंट्री नसते म्हणून फटका बसतो, मग ती भरली जाते. आणि शेवटच्या फेरीला ब्रँच टेकन नसते, तिथे बीटीबी उलट चुकीच्या वाटेला नेतो, ते एक्झिक्यूटला कळतं आणि दोन जागा वाया जातात.

स्टॉल वेगळा. स्टॉलमधे मागच्या इन्स्ट्रक्शन जागच्या जागी थांबवतात. त्यामुळे पुढे बबल तयार होतो हे खरं, पण इथे फेच थांबलंच नव्हतं, चुकीचं आणून टाकून दिलं.

अंबडवाला: ताई, आमच्याकडे मशीनच्या बोर्डावर कॉर्टेक्स-एम३ आहे, त्यात लूपचा टायमिंग हिशोबापेक्षा जास्त येतो. त्यात हा बीटीबी चालू कुठून करायचा?

देवळालीकर ताई: दादा, एम३ मधे बीटीबी नाहीये, चालू करायचा प्रश्नच नाही. टेकन ब्रँचला १ सायकल अधिक पाईपलाईन परत भरायला १ ते ३, हे एआरएमच्या मॅन्युअलमधेच आहे. लूप थोडा अनरोल करा, ब्रँच कमी झाल्या की तेवढं वाचेल.

पंचवटीकर: कळलं! पण मग बीटीबी हिट म्हणजे बबल शून्य असं छातीठोक म्हणू का?

देवळालीकर ताई: नको. तक्ता मोठा केला की वाचायला वेळ लागतो. एएमडीच्या पहिल्या झेनमधे तीन पातळ्या आहेत, ८ एंट्रींची शून्य बबलवाली, २५६ ची एक बबलवाली आणि ४०९६ ची चार बबलवाली. एंट्री सापडली कुठल्या पातळीत त्यावर आहे.

कॉलेज रोड: बरं, माझी डायरेक्शन न टार्गेटची गल्लत होती, सुटली. पण चालू प्रोग्रॅममधे ओळखायचं कसं, ब्रँच मिस तर कमी दिसतात?

देवळालीकर ताई: तेच लक्षण आहे. इंटेलवर हे चालव:

```
perf stat -e branches,branch-misses,baclears.any ./a.out
```

branch-misses कमी आणि baclears.any भरपूर, म्हणजे अंदाज ठीक आहेत पण टार्गेट बीटीबीत नव्हतं आणि फेचला मागाहून वळवावं लागलं. कोड खूप पसरलेला असला की असं होतं.

पंचवटीकर: सेमिनारला 'वाया गेलेला फेच' म्हणावं म्हणतोय, बुडबुडा काही पटत नाही.

कॉलेज रोड: पण डेटा हझार्डचा बबल पण बबलच ना, तिथे फेच वाया जात नाही. मी तर 'रिकामी जागा' म्हणेन.

देवळालीकर ताई: मी वर्गात बबलच म्हणते. तुमचं दोघांचं ठरलं की इथे टाका.