मदत हवी आहे: गणपतीचा साडी-सेल पुढे ढकलायचाय, माफीचा मजकूर कसा लिहू?

रामबागवाली:
इंदूरला घराच्याच पुढच्या खोलीत माझं छोटं साड्यांचं दुकान आहे. महालक्ष्म्यांच्या आधी, म्हणजे या शनिवार-रविवारी महेश्वरीचा सेल जाहीर केला होता, वीस टक्के सूट. महेश्वरला १२० साड्या सांगितल्या होत्या, आल्या ३८. तिकडे सारखा पाऊस, रंगवलेलं सूत वाळत नाही आणि दोन विणकरांच्या मागाच्या खड्ड्यात पाणी शिरलंय. उरलेला माल "आठ-दहा दिवसांत" म्हणतात. २७ जणींनी पाचशे-पाचशे आगाऊ दिलेत. आज मंगळवार. मी लिहिलंय ते असं: "अपरिहार्य कारणास्तव सेल पुढे ढकलण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. नवीन तारीख लवकरच." वाचून माझंच समाधान होत नाही. काय बदलू?

सुदामानगरी:
मजकूर चांगला आहे की! फक्त "लवकरच" काढा आणि तारीख टाका. दहा दिवसांनी माल येतोय ना, मग बाराव्या दिवशी सेल. आणि पावसाचं कारण स्पष्ट लिहा, लोक समजून घेतात.

चौकोनी_चष्मा:
ताई, सेल कुठे आहे? पत्ता द्या. पैठणी पण आहे का?

रामबागवाली:
अहो, सेल नाहीये, तेच तर सांगतेय 😅

जुनादुकानदार:
तारीख हवी हे बरोबर, पण बारावा दिवस नको. मोजून बघा. आठ-दहा म्हणजे दहा धरा, माल पुढच्या शुक्रवारी. तुमच्याकडे फॉल-पिको कोण करतं, दिवसाला किती?

रामबागवाली:
एकच बाई आहेत, पंधरा करतात.

जुनादुकानदार:
मग ८२ साड्यांना सहा दिवस. पुढच्या शुक्रवारनंतर सहा दिवस म्हणजे अनंत चतुर्दशी आलीच आणि लगेच पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आपल्याकडच्या कितीतरी बायका नवी साडी घेत नाहीत. उरलेल्या ८२ घटस्थापनेलाच काढा. नाहीतर दुसऱ्यांदा माफी मागावी लागेल आणि दुसरी माफी कुणी वाचत नाही.
या शनिवारी काय करायचं, तर हातात ३८ आहेत आणि आगाऊ देणाऱ्या २७. फक्त त्यांनाच बोलवा, सूट तीच. कुणाला रंग पसंत नाही पडला तर पाचशे तिथल्या तिथे परत, "पुढच्या खरेदीत वळते करू" असं म्हणू नका.
मी असा लिहीन:
"या शनिवार-रविवारचा महेश्वरी सेल होणार नाही. १२० पैकी ३८ साड्याच हाती आल्या आहेत. माल मोजण्याआधी आम्ही तारीख सांगितली, ही आमची चूक. माफ करा. ज्यांनी आगाऊ पैसे दिले आहेत त्यांना आज फोन येईल. सर्वांसाठी सेल घटस्थापनेपासून तीन दिवस, सूट तीच वीस टक्के."

सुदामानगरी:
पण पाऊस कुठे गेला यातून? चूक तुमची नव्हतीच.

जुनादुकानदार:
पाऊस दरवर्षी येतो, भिया. श्रावण-भाद्रपदात सूत वाळायला वेळ लागतो हे दुकानदाराला ठाऊक असतं. विणकरावर ढकललेलं गिऱ्हाइकाला बरोबर कळतं.

देवासची_माही:
माझा अनुभव सांगते. मागे एका दुकानाचा सेल असाच पुढे गेला. मावशीला घेऊन देवासहून आलो तर शटर बंद आणि दारावर साधा कागदसुद्धा नाही. घरच्या ग्रुपवर जुनंच पोस्टर फिरत होतं. मावशी अजून ऐकवते.

जुनादुकानदार:
हे महत्त्वाचं. रामबागवाली, जुन्या पोस्टरचाच रंग ठेवून तारीख बदलू नका, नजरेला फरक कळत नाही. वर ठळक "या शनिवारी सेल नाही" आणि जुनी तारीख खोडलेली दिसू दे. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांच्यापर्यंतच पोचते. तुम्हाला वाटेल सगळ्यांना गेलं, पण निम्म्यांना गेलेलंच नसेल. २७ जणींना फोनच. आणि शनिवारी सकाळी दारावर कागद.

रामबागवाली:
तुमचाच मजकूर घेतला, पण पावसाचं एक वाक्य ठेवलंय. महेश्वरला फोन केला तर ते बिचारे माझ्याआधीच माफी मागत होते, त्यांच्यावर दोष जाऊ नये एवढंच. २० फोन झाले. १४ जणी शनिवारी येतायत, तिघींनी पैसे परत मागितले, दिले. दोघींना घटस्थापनेलाच यायचंय, पाचशे तसेच ठेवा म्हणाल्या, त्यांना काय सांगू? एक काकू मात्र म्हणतात, "मला महालक्ष्मीला नेसवायची तीच जांभळी, रुईफुलाच्या काठाची हवी." ती ३८ मध्ये नाहीये.

जुनादुकानदार:
त्या दोघींचे पैसेही परत पाठवा, साडी नावावर राखून ठेवा. जांभळीचं मला सुचत नाही.

सुदामानगरी:
काकूंना त्या खड्ड्यातल्या पाण्याचा फोटो पाठवा.

चौकोनी_चष्मा:
म्हणजे घटस्थापनेला पैठणी असेल ना?