मदत हवी आहे: कन्सॉर्टमध्ये 25 पैकी 17, पेपर चांगला म्हणायचा की वाईट?

गोदाकाठची:
शुक्रवारी जर्नल क्लब आहे आणि एक संशोधनाचा पेपर तपासून मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. उपचारांच्या चाचणीच्या पेपरात काय काय हवं त्याची कन्सॉर्टची यादी घेऊन बसले, आहे त्याला 1, नाही त्याला 0. बेरीज 17 आली. आता 17 म्हणजे चांगला की मध्यम? कटऑफ कुठे मिळेल? मैत्रीण म्हणते स्ट्रोब लाव, ती नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासांची यादी आहे, त्यात 22 च मुद्दे आहेत, लवकर उरकेल. प्लीज लवकर सांगा, स्लाइड्स करायच्यात.

रिकामटेकडा:
पेपर कशावर आहे, अभ्यास कुठल्या प्रकारचा, तू काय शिकतेस, काहीच सांगितलं नाहीस. आम्ही काय पत्रिका मांडायची?

सिन्नरकर:
60 टक्क्यांच्या वर म्हणजे चांगला. 17 म्हणजे 68 टक्के. आमच्या वेळी असंच करायचो, कुणी काही विचारलं नाही. आणि हो, कन्सॉर्टची 2025 ची आवृत्ती आली आहे, तीत 30 मुद्दे आहेत. मग तुझे 57 टक्केच होतात, नापास!

आकडेमोड:
सिन्नरकर, 30 चं बरोबर आहे, बाकीचं नाही. मुद्देच बदलले, तर जुन्या यादीतले 17 नव्या 30 वर कसे मोजणार? पण खरी अडचण बेरजेचीच आहे. ही यादी लेखकाने काय काय लिहायला हवं त्याची आहे, काम कसं झालं त्याची नाही. "चिठ्ठ्या न काढता वाराप्रमाणे गट केले" असं कुणी प्रामाणिकपणे लिहिलं, तर लिहिल्याचा मार्क मिळतो आणि पद्धत वाईटच राहते. स्ट्रोबच्या लेखकांनी तर स्पष्टच म्हटलंय की दर्जा मोजायला ती वापरू नका.

उलटही होतं. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची 1948 ची ब्रिटिश चाचणी घे. कन्सॉर्ट आलं 1996 मध्ये, त्यामुळे आजच्या यादीतले बरेच रकाने तिथे कोरे राहतील. पण गट ठरवणाऱ्या चिठ्ठ्या बंद पाकिटांत होत्या, बाहेर फक्त इस्पितळाचं नाव आणि नंबर. रुग्ण निवडून झाल्यावरच पाकीट उघडायचं. एक्स-रे वाचणाऱ्यांना रुग्ण कुठल्या गटातला ते ठाऊक नव्हतं.

आता सांग, तुझ्या पेपरात गट कसे पाडले? नेमकं वाक्य टाक.

गोदाकाठची:
सॉरी. एम.एस्सी. नर्सिंग, पहिलं वर्ष. मधुमेहाच्या रुग्णांना रोज फोन करून गोळीची आठवण द्यायची, तीन महिने. दुसऱ्या गटाला नेहमीचंच. 120 रुग्ण, 60-60. "विषम तारखेला ओपीडीत आलेले फोन गटात, सम तारखेचे दुसऱ्या गटात, अशा प्रकारे रँडमाइज केले." निष्कर्ष: उपाशीपोटी साखर 130 च्या खाली आलेले फोन गटात 75 टक्के, दुसऱ्यात 60 टक्के. रँडम लिहिलंय म्हणून मी मार्क दिला.

त्र्यंबकची_वाट:
मी थिसिससाठी पाड्यांवर जाऊन सर्व्हे केला होता, घरं रँडम निवडून. स्ट्रोबच लावलं. तूही तेच लाव. सम-विषम म्हणजे रँडम नाहीच, मग रँडम गटांची चाचणी म्हणजे आरसीटी नाही, मग कन्सॉर्ट कशाला?

आकडेमोड:
ताई, निम्मं बरोबर. तुमचं रँडम म्हणजे कुणाला *विचारायचं* ते, इथे प्रश्न कुणाला *काय द्यायचं* हा आहे. तुम्ही जे आहे ते टिपलंत, इथे संशोधकांनी स्वतः फोन लावले. म्हणून स्ट्रोब बसत नाही. यादी कन्सॉर्टचीच ठेवा, पण रँडमच्या मुद्द्यासमोर टिकमार्कऐवजी वाक्य लिहा.

सम-विषममध्ये बिघडतं काय? टेबलाशी बसलेल्या सिस्टरला सकाळीच ठाऊक असतं की आज फोनचा दिवस. समोर शेतमजूर बाई, स्वतःचा मोबाइल नाही, मळ्यात रेंज नाही. सिस्टर सहज म्हणते, "मावशी, उद्या या." त्यात लबाडी नसते, पण गट बिघडला. पहिला तक्ता उघड, दोन्ही गटांचं शिक्षण-व्यवसाय बघ. तिथली पी व्हॅल्यू बघू नकोस, माणसं मोज.

गोदाकाठची:
शेतमजूर: फोन गटात 8, दुसऱ्यात 21. 😳 मी हा तक्ता स्क्रोल करून पुढे गेले होते.

आकडेमोड:
एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण संशयाला जागा आहे. आता 75 टक्के कितीपैकी ते शोध.

गोदाकाठची:
44 पैकी 33. दुसरा गट 58 पैकी 35. "फॉलोअपला न आलेले वगळले."

आकडेमोड:
60 चे 44 झाले. 16 गेले कुठे? दुसऱ्या गटातून दोनच गेले. रोजच्या फोनला वैतागून नंबर ब्लॉक करणारेच यात असतील, तर उरले ते आधीच शहाणे. आता वगळलेल्यांची साखर सुधारली नाही असं धरून बघ: 60 पैकी 33 म्हणजे 55 टक्के, आणि 60 पैकी 35 म्हणजे 58. फोनचा फायदा गेला.

डॉ_पंचवटी:
हे फार कडक होतंय. गेलेले सगळे बिघडलेच कशावरून? बरं वाटलं म्हणूनही लोक यायचे थांबतात. 16 ही सुधारले धरले तर 49, म्हणजे 82 टक्के. शून्य धरणं हाही अंदाजच.

आकडेमोड:
मान्य. म्हणूनच उत्तर 55 ते 82 मध्ये कुठेतरी, आणि 75 छापणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. मी सावध बाजू धरतो.

डॉ_पंचवटी:
आणि मी म्हणेन, 16 जण का गेले ते लिहिलंय का हे आधी बघा. गाव बदललं तर एक अर्थ, फोनचा कंटाळा आला तर दुसरा.

गोदाकाठची:
कारण कुठेच नाही. फ्लो चार्टही नाही. त्याला 0 दिला होता, पण बाकीच्या शून्यांसारखाच एक शून्य वाटला.

मिसळप्रेमी:
सिनॉप्सिसचा फॉरमॅट हवा असेल तर माझ्याकडे आहे. मार्जिन डावीकडे जास्त सोडा, बाइंडिंगमध्ये अक्षरं जातात. कॉलेज रोडला रात्री उशिरापर्यंत प्रिंट मिळते.

रिकामटेकडा:
तिने सिनॉप्सिस विचारलाय का? मिसळ खा आणि झोप.

सिन्नरकर:
मग स्लाइडवर आकडा काय टाकायचा? मॅडमना आकडा लागतोच. इतकं सगळं लिहिलं तर दहा मिनिटांत संपणार नाही.

आकडेमोड:
आकडाच हवा तर 33/44 आणि 33/60 शेजारी टाका. आणखी एक काम, पेपरात सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला नंबर असेल तर ctri.nic.in वर तो शोध. नोंदणीची तारीख, पहिला रुग्ण घेतल्याची तारीख आणि प्रायमरी आउटकम, तीनच गोष्टी पेपरशी ताडून बघ.

गोदाकाठची:
बघितलं. नोंदणी पहिल्या रुग्णानंतर चार महिन्यांनी. आउटकममध्ये फक्त "शुगर कंट्रोल". 130 चा उल्लेखच नाही.

डॉ_पंचवटी:
उशिरा नोंदणी म्हणजे लगेच चोरी नव्हे, छोट्या कॉलेजांत एथिक्सच्या कागदांतच महिने जातात. पण 130 आकडे बघून ठरवलं की आधी, हे आता कळायला मार्ग नाही. लेखकांना मेल टाक, उत्तर आलं तर आलं.

गोदाकाठची:
मेल टाकला. 17 ची स्लाइड काढून टाकली, त्या जागी पहिला तक्ता लावलाय. मैत्रीण अजून म्हणतेय, स्ट्रोब लावलं असतंस तर एव्हाना झोपली असतीस.

मिसळप्रेमी:
मार्जिन दीड इंच हं.