मदत हवी आहे: आईचं करून थकलेल्या ताईसाठी प्रार्थना

रानवारा:
आई सात महिने अंथरुणाला खिळून आहे. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. सांगलीला ताई एकटी तिचं सगळं करते. मागच्या आठवड्यात चार रात्री मी तिथे राहिलो, तेव्हा खरं काय ते कळलं. भिंतीवर कागद चिकटवलाय: 11 डावी, 1 सरळ, 3 उजवी, 5 डावी. गजर झाला की उठायचं, पाठीखालच्या दुमडलेल्या चादरीने आईला ओढून कूस बदलायची, माकडहाडाशी लाली आली का ते बघायचं आणि पोटऱ्यांखाली उशी सारून टाचा अधांतरी ठेवायच्या.

ताई रोज दिवा लावते, पण हात जोडून नुसती उभी राहते. म्हणाली, "काय मागायचं तेच सुचत नाही रे. तू लिहून दे, मी म्हणेन." मी हे लिहिलंय:

"हे पांडुरंगा, श्रावणबाळासारखी सेवा माझ्या हातून घडो. मला अपार शक्ती दे, माझा संयम कधी सुटू देऊ नकोस."

वाचून ती म्हणाली, "छान आहे." कागद घडी करून डब्याखाली ठेवला. काय चुकलं?

शुभंकर:
आईंना लवकर आराम पडो. महामृत्युंजयाचा 108 वेळा जप करा, आमच्या काकांना गुण आला.

रानवारा:
आभार. पण मला आईसाठी नाही, ताईसाठी हवंय.

घाटवाट:
एअर बेड घ्या. मग रात्री उठायलाच नको, प्रार्थनेचीही गरज नाही.

ओसरी:
घाटवाट, एअर बेडने दाब विभागला जातो, पण कूस बदलावीच लागते. मध्ये किती वेळ चालेल ते डॉक्टरांनी किंवा नर्सने त्वचा बघून ठरवायचं. लाल जागेवर बोट दाबून सोडल्यावर ती पांढरी पडली नाही, तर तिथे जखम सुरू होतेय असं समजा आणि त्या बाजूवर निजवू नका.

रानवारा, मी सासूबाईंचं दोन वर्षं केलं, म्हणून स्पष्ट लिहिते. श्रावणबाळ काढून टाका. त्या गोष्टीत सेवा करणाराच आधी मरतो, पाणी भरायला गेलेला. रात्री तीनला ताईंना तेच आठवेल. "शक्ती दे" म्हणजे तरी काय, आणखी ओझं उचलायला तयार राहा, एवढंच ना? आणि संयम तर बहुधा सुटलेला असतो. मग प्रार्थना म्हणताना आपण खोटं बोलतोय असं वाटतं.

पुंडलिकाने वीट फेकली आणि देव त्यावर उभा राहिला, हे आपण सेवेचा मोठेपणा म्हणून सांगतो. पण जनीकडे तोच देव दळायला बसला. ताईंना उभा राहिलेला देव नको, हाताशी येणारा हवा. आणि ओळी कामाच्या क्रमाने लिहा, म्हणजे पाठ कराव्या लागत नाहीत. हात पुढे सरकला की पुढची ओळ येते. मी असं लिहीन:

"विठाई, हात धुऊन आलेय.
आईला कुशीवर घेते, तिची मान तू सांभाळ.
जनीचं जातं ओढलंस, या चादरीचं एक टोक धर.
दुपारी मी तिच्यावर ओरडले. तिच्या मनातून ते पूस, माझ्याही.
यातून तिला सोडव, मलाही.
आता गजर होईपर्यंत ती तुझी. मी झोपते, मला बोल लावू नकोस."

घाटवाट:
बाकी पटलं, पण "सोडव" नको. तो आईचं मरण मागण्यासारखा अर्थ होतो. पोटच्या पोरीने हे म्हणायचं?

ओसरी:
मनात येतंच. देवापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी? मी बोलले होते. सासूबाई त्यानंतर आठ महिने होत्या आणि मी त्यांना तितक्याच मायेने भरवलं.

पाणवठा:
मी वडिलांचं करतोय, नळीने भरवतो. भरवताना डोकं उंच ठेवायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. तो अर्धा तास मी मोबाइल बघत बसायचो. "ओरडले" ही ओळ वाचून थांबलो. काल मी त्यांचा हात झटकला होता.

रानवारा:
ओसरीताई, तुमच्या ओळी फोनवर वाचून दाखवल्या. "ओरडले" आलं तशी ताई रडली. सात महिन्यांत पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" मी सांगितलं, कुणीच नाही.

आज तिने भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो पाठवला. खाली पेन्सिलने पाच ओळी लिहिल्यात. "सोडव"च्या जागी रेघ मोकळी ठेवलीय. मी त्याबद्दल विचारलं नाही. विचारावं का?

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. शनिवार-रविवारचे 1 आणि 3 चे गजर माझ्या फोनवर लावलेत.