अनुभव धागा : लाडवाचा डिंक, खोबरं, मेथी कशी पारखून घेता?

दारव्ह्याची लेकुरवाळी
मागच्या हिवाळ्यात लेक बाळंतपणाला आली होती. आठवडी बाजारातून एक किलो डिंक घेतला, ३६० रुपयांनी. किराणा दुकानात ४४० सांगितला होता, म्हणून ८० रुपये वाचले या आनंदात घरी आले. परातीत ओतला तर सालीचे तुकडे, माती आणि तळाशी नुसती चुरी. सगळं निवडलं, दोन दिवस उन्हात घातलं आणि पुन्हा तोललं, तर ७८० ग्रॅम भरलं. म्हणजे चांगला डिंक किलोला ४६० च्या वर पडला. एवढं करूनही मोठे खडे वरून फुलले आणि आत कच्चेच राहिले. लेकीनं पहिलाच लाडू खाल्ला आणि दाताला चिकटलेलं बोटानं काढत बसली. फार वाईट वाटलं. यंदा नणंदेच्या सुनेसाठी करायचे आहेत. तुम्ही डिंक, खोबरं, मेथी घेताना काय बघता ते अनुभवासकट लिहा.

सेलूवाली वहिनी
सोपं आहे ताई. पांढरा तो धावड्याचा, लालसर तो बाभळीचा. पांढरा बघून घ्यायचा, महाग असला तरी. आमच्या सासूबाई दुसरा घरात येऊ देत नाहीत.

अचलपूरची मास्तरीण
वहिनी, पांढरं बघूनच माझी फसगत झाली होती. एका दुकानातून ‘धावड्याचा’ म्हणून पांढरे, चपटे, वेडेवाकडे तुकडे आणले. तुपात टाकले तर फुलेचनात, नुसते तपकिरी झाले. खडा खराब असेल म्हणून दुसरा टाकला, तिसरा टाकला. पावशेर तूप वाया गेलं. शेवटी रागानं उरलेला वाटीभर पाण्यात टाकून झोपले. सकाळी वाटीतून बाहेर आलेला, बर्फाच्या चुऱ्यासारखा! तो गोंद कतीरा होता, कांडोळाचा.

उन्हाळा प्रेमी
कतीरा फार थंड असतो. आम्ही रात्री भिजवून सकाळी दूध-साखरेत घेतो, उन्हाळी लागत नाही. तुम्ही थंडीत का घेताय पण?

धारणीची सून
माझं माहेर-सासर दोन्ही मेळघाटात. आमच्या घरी जंगलातून डिंक येतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रंगावर जाऊ नका. धावड्याचा साधारण फिकट पिवळसर आणि बाभळीचा तांबूस असतो हे खरं, पण एकाच झाडाचा डिंकसुद्धा उशिरा काढला की गडद होतो. शंका आली तर पाण्याची परीक्षा करा. एक खडा रात्रभर पाण्यात ठेवा. बाभळीचा विरघळून पाणी चिकट होतं. धावड्याचाही विरघळतो, पण तळाशी थोडं लिबलिबीत राहतं, त्याला घाबरू नका. विरघळण्याऐवजी फुगून वाटी भरली तर तो कतीरा, लाडवाच्या कामाचा नाही. आणि उदासारखा सुगंध आला तर तो सालईचा, तो धुपाचा आहे, खायला घेऊ नका.

दारव्ह्याच्या ताईंचा घोटाळा मला ओलाव्याचा वाटतो. धावड्याचा डिंक निघतो उन्हाळ्यात. हिवाळ्यात आपण घेतो तो एक आख्खा पावसाळा गोदामात काढून आलेला असतो. पोतं नीट ठेवलं नसेल तर त्यानं दमट हवा धरलेली असते. वजन वाढतं, आणि ते पाणी आपण डिंकाच्या भावानं घेतो. मूठभर घेऊन घट्ट दाबा. खडे एकमेकांना धरून राहिले तर ओला आहे. एक खडा दाढेखाली चावा. कोरडा काचेसारखा कडकन फुटतो, ओला दाताला रुततो.

पण ताई, फुलण्यासाठी खड्याच्या पोटात थोडा ओलावा लागतोच. तापल्यावर त्याचीच वाफ होते आणि खडा फुलतो. म्हणून महिनाभर कडक उन्हात टाकू नका, दोन दिवस पुरे. खडा मोठा असेल किंवा तूप फार तापलं असेल तर वरचं कवच आधी कडक होतं आणि पोट कच्चं राहतं. खलबत्त्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा फोडा, चुरी चाळून बाजूला काढा, कारण ती तुपात आधी करपते. मध्यम आचेवर एकावेळी थोडाच टाका. थंड झाल्यावर दोन बोटांत चुरडला की भुकटी झाली पाहिजे. मध्ये कण लागला तर अजून बारीक फोडा.

दारव्ह्याची लेकुरवाळी
खडे सुपारीएवढे होते ताई. आणि आच मोठीच ठेवली होती, घाई होती. आता कळलं.

बुलढाण्याकडची आजी
बाई, मले तं एकच येते. आधी छटाकभर घ्यावं, घरी आणून चार खडे तुपात टाकावं, फुलले तं त्याच दुकानदाराच्या त्याच पोत्यातून बाकीचं घ्यावं. पोतं बदललं का माल बदलला. बाजारवाला म्हणते, ‘आजी, तोच हाये’, पण मी नाही मानत. आन् बाळंतिणीले बाभळीचाच देतो आम्ही, धावड्याचा नाही. माह्या मायनं तसंच केलं.

सेलूवाली वहिनी
आमच्याकडे उलटं आहे आजी. बाळंतिणीला धावड्याचाच.

किराणावाला, अकोट
मी विकतो, म्हणून खोबऱ्याचं सांगतो. खोबरं आपल्याकडचं नाही, दक्षिणेतून येतं. अख्खा गोटा घेणाऱ्याला फसगतीची भीती जास्त, कारण आतलं दिसत नाही. करवंटीसकट असेल तर हलवून पाहा, आत खडखड वाजला तर वाळलेला. तरी एक फोडून दाखवायला सांगा. प्रामाणिक दुकानदार नाही म्हणणार नाही. फोडल्यावर आतली बाजू पांढरी असावी, हिरवट-काळे ठिपके नसावेत. वाटी असेल तर काठाशी बोट फिरवून वास घ्या. जुन्या तेलासारखा वास आला तर खवट निघालं समजा, आणि एक खवट वाटी सगळ्या लाडवांना वास देते. फारच पांढरंशुभ्र आणि नाकाला झोंबणारा वास असेल तर त्याला गंधकाची धुरी दिलेली असू शकते, मी असा माल ठेवत नाही.

डिंकाबद्दल एक कबूल करतो. आम्हाला पोतंच जसं येतं तसं विकावं लागतं. ज्यांना निवडलेला पाहिजे त्यांना मी वेगळा भाव सांगतो, आणि ताईंच्या हिशेबात तो महाग नाही.

अचलपूरची मास्तरीण
भाऊ, चुरी तुम्ही वेगळी स्वस्तात देता का? मला ती तळायला नको, पण बरीच उरते.

किराणावाला, अकोट
देतो, पण लाडवासाठी नका घेऊ. तिच्यात माती किती हे मलाही सांगता येत नाही.

नवी सून, पुसद
मेथीचं कोणीच लिहिलं नाही. माझे लाडू एवढे कडू झाले की सासऱ्यांनी अर्धा ठेवून दिला. मेथी जुनी होती म्हणून का?

धारणीची सून
जुनी मेथी काळपट पडते, वास मंद होतो, पण कडूपणा तिचा स्वभाव आहे. नवी उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येते, ती पिवळी, टणक, वासाची असते. ओंजळ सुपात टाकून खडे आणि किडलेले दाणे बघा. कडूपणा कमी करायचा तर मेथी दळून, पीठ तुपात कालवून तीन-चार दिवस झाकून ठेवा. आणि सुरुवातीला किलोभर कणकेला ५० ग्रॅमच घाला, सासऱ्यांच्या तोंडाला बसलं की पुढच्या वेळी वाढवा.

दारव्ह्याची लेकुरवाळी
आज बाजार होता. दोन ठिकाणचा पन्नास-पन्नास ग्रॅम आणला. ३८० वाल्याचे खडे मुठीत चिकटले, ४५० वाल्याचा चावला तर फुटला. रात्री दोन्ही पाण्यात ठेवलेत, उद्या तळून बघते. आजींचं आणि वहिनींचं बाभळी-धावडा प्रकरण मात्र माझ्या घरातही मिटलेलं नाही, नणंद एक म्हणते, मी एक.