कार्बनला ‘क्षपणक’ म्हणायचं का नाही? (मनसरचं मॅंगनीज अन् दोन रेषा)

बारावी_नागपूर: क्षपणक म्हणजे ऑक्सिजन काढून घेणारा, बरोबर? मग कार्बन मॅंगनीज ऑक्साइडचा, म्हणजे MnO चा, क्षपणक आहे का नाही? सरांनी फ्री एनर्जीच्या आलेखात १००० अंशांना कार्बनची रेष मॅंगनीजच्या वर दाखवली, म्हणजे नाही. अन् इकडे मनसर-कांद्रीचं मॅंगनीज कोक टाकूनच काढतात. डोकं चालून नाही राहिलं.

पोथीवाले_काका: संस्कृतात क्षपणक म्हणजे संन्यासी बरं का. ज्याचा संसार सुटला तो.

बर्डीचा_बाब्या: काका, धातूशास्त्र चालू आहे इथं 😄 सोपं आहे बे, ॲक्टिव्हिटी सिरीज पाठ कर, जास्त ॲक्टिव्ह तो कमीवाल्याचा ऑक्सिजन घेते, झालं.

धातुवाला: बाब्याचं अर्धं बरोबर आहे, पण त्या यादीत तापमान कुठं असते? क्षपणक हे पद ‘कोणाचा, किती अंशांना’ हे विचारल्याशिवाय द्यायचंच नाही. ऑक्साइड बनताना फ्री एनर्जी किती बदलते ते रेष दाखवते, ज्याची रेष खाली तो ऑक्सिजन ओढून घेते. दोन्ही रेषा ऑक्सिजनच्या एका मोलमागे काढलेल्या असतात, म्हणून सरळ वजाबाकी चालते. १००० अंशांना MnO ची साधारण उणे ५८५ किलोज्यूल, कार्बनपासून CO ची उणे ४४७. कार्बनची वर, म्हणजे ऑक्सिजन मॅंगनीजकडंच राहणार. १५०० ला मॅंगनीज उणे ५१२ वर चढलं, कार्बन उणे ५३४ पर्यंत उतरला, आता कार्बन जिंकला. छेद १४०० च्या थोडा पुढं येतो.

बारावी_नागपूर: पण कार्बनचीच रेष खाली काहून जाते?

धातुवाला: धातू जळला की ऑक्सिजन वायू घन ऑक्साइडात अडकतो, एन्ट्रॉपी घटते, म्हणून रेष वर. कार्बन जळून CO झाला की एका मोल वायूचे दोन होतात, एन्ट्रॉपी वाढते, म्हणून रेष खाली. सगळा खेळ एवढ्यावरच आहे.

बर्डीचा_बाब्या: म्हणजे रेष खाली असली की रिॲक्शन होणारच ना?

धातुवाला: होऊ ‘शकते’ एवढंच. ॲल्युमिनियमची रेष लोखंडाच्या किती खाली आहे, तरी रुळांच्या थर्माइट वेल्डिंगची पावडर पेटवल्याशिवाय नुसती पडून राहते. वेग आलेखात दिसत नाही.

भट्टी_शिफ्ट_बी: मी फेरोमॅंगनीजच्या भट्टीवर होतो. तापमान छेदाच्या वर असूनबी स्लॅग, म्हणजे धातूवर तरंगणारा वितळलेला मळ, हिरवट निघायचा, म्हणजे MnO शिल्लकच. तो फेकत नव्हते, सिलिकोमॅंगनीजला वापरायचे. तुमची रेष तर पूर्ण निघायला पाहिजे म्हणते?

धातुवाला: रेष शुद्ध MnO ची अन् एक ॲटमॉस्फिअर CO ची आहे. स्लॅगमधी MnO सिलिकाशी बांधलेला असतो, त्याला सोडवायला जास्त तापमान लागते. उलट धातूत कार्बन विरघळतो त्यानं थोडी मदतच होते. दोन्ही मिळून छेद किती सरकतो ते तुमच्या स्लॅगचं ॲनॅलिसिस पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

भट्टी_शिफ्ट_बी: चुना वाढवला की MnO कमी राहायचा एवढं आठवते.

बारावी_नागपूर: मग पेपरात ‘आहे’ लिहू का ‘नाही’?

पोथीवाले_काका: तापमान लिही.