मदत हवी आहे: बीपी १३०/१०४ असताना 'आउटपुट नाही' असं कसं?

ओली_शाई
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात हार्ट फेल्युअर सुरू होतंय आणि माझं घोडं प्रीलोड-आफ्टरलोडपाशीच अडलंय. व्याख्या पाठ आहेत, त्या कृपया परत नकोत.

काल वॉर्डात एक काका होते, वजन ६० किलो. पल्स ११०, बीपी १३०/१०४, हातपाय गार, दोन्ही बाजूंना खाली क्रेप्ट्स, आणि युरिन बॅगेत तासाला जेमतेम २० मिली. इकोवर ईएफ २०. हँडओव्हरला मी म्हटलं, "बीपी चांगलंय." तर सिस्टर म्हणाल्या, "बीपी आहे गं, आउटपुट नाही," आणि पुढच्या बेडकडे गेल्या.

एक तर, या दोन गोष्टी वेगळ्या कशा? दुसरं, आउटपुट आणि लघवी दोन्ही कमी, तर सलाइन लावायला हवं ना? त्यांनी उलट फ्युरोसेमाइड दिलं. आणि आफ्टरलोड म्हणजे ठोक्यानंतर हृदयात उरलेलं रक्त, हे तरी बरोबर आहे का?

गणित_कच्चं
शेवटचं चूक. मीही वर्षभर तेच समजत होतो, नावच तसं आहे. प्रीलोड म्हणजे आत आलेलं रक्त आणि आफ्टरलोड म्हणजे बीपी. आउटपुट कमी म्हणजे आत रक्तच कमी येतंय, म्हणजे प्रीलोड कमी. सलाइनचं तुझं बरोबर वाटतं. फ्युरोसेमाइड खालच्या १०४ साठी दिलं असेल.

रात्रपाळी
गणित_कच्चं, अर्धं जमलंय. पण उरलेल्या अर्ध्यावर सलाइन लावलंत तर काका पहाटेपर्यंत फेसाळ थुंकी काढत बसतील.

ओली_शाई, याच काकांचं गणित करू. आउटपुट म्हणजे एका मिनिटात डाव्या व्हेंट्रिकलमधून बाहेर गेलेलं रक्त: दर ठोक्याला किती, गुणिले ठोके किती. धडधाकट माणसात व्हेंट्रिकल साधारण १२० मिलीपर्यंत भरतं, त्यातलं ७० बाहेर जातं. ७० ठोके धरले तर ४.९ लिटर.

काकांचं हृदय ताणून मोठं झालेलं असणार. ते १६० मिली भरतं असं धरू. ईएफ २०, म्हणजे बाहेर गेले फक्त ३२. गुणिले ११० केलं की साडेतीन लिटर. पल्स ११० का, तेही इथेच दिसतं. ७० च्या गतीने सव्वादोन लिटरच गेलं असतं.

आता बघा, आत रक्त कमी येतंय का? १२० च्या जागी १६० आहे. उरतंय १२८. प्रीलोड कमी नाही, जास्तच आहे. तुंबलेलं रक्त मागे फुप्फुसांकडे दाब देतं, तेच तुम्ही क्रेप्ट्स म्हणून ऐकलंत.

ओली_शाई
ताई, पण स्टार्लिंगच्या नियमात तर जास्त भरलं की जास्त जोरात आकुंचन होतं ना? मग १६० भरून ३२ च कसे?

रात्रपाळी
बेचकीचं रबर आठवा. थोडं ताणलं की दगड लांब जातो, आणखी ताणलं की आणखी लांब. प्रीलोड म्हणजे खरं तर हा ताण, आकुंचन सुरू व्हायच्या क्षणी स्नायू किती ताणलेला आहे तो. रक्ताचे मिली हा त्याचा आपला सोयीचा अंदाज. पण रबर जुनं, सैल झालं असेल तर ताणत राहा, दगड पायाशीच पडतो. काकांचं हृदय त्या टप्प्यावर आहे. आणखी २० मिली आत घातले तर बाहेर जेमतेम एखाद-दुसरा मिली वाढेल, बाकी सगळं फुप्फुसांत. उलट २० मिली काढले तर आउटपुट फारसं पडत नाही आणि श्वास मोकळा होतो. फ्युरोसेमाइड त्यासाठी.

आता बीपी. बीपी म्हणजे आउटपुट आणि रक्तवाहिन्यांचा अडथळा यांचा गुणाकार. आउटपुट घसरलं की शरीर वाहिन्या आवळतं, म्हणून हातपाय गार. किडनीला रक्त कमी पोचतं, तिला वाटतं पाणी कमी पडलंय, म्हणून ती मीठ-पाणी धरून ठेवते. किडनीची समजूत नेमकी गणित_कच्चं यांच्यासारखीच होते, राग नसावा.

काकांचं सरासरी बीपी साधारण ११३. भागिले साडेतीन, ३२ आले. १२०/८० वाल्याचं सरासरी ९३, भागिले पाच, साडेअठरा. म्हणजे अडथळा पावणेदोन पट. कफला दिसतो तो गुणाकार, त्यातला कुठला आकडा पडलाय ते कफ सांगत नाही.

गणित_कच्चं
राग नाही. पण मग आफ्टरलोड म्हणजे बीपी, हे तरी बरोबर ना?

रात्रपाळी
बऱ्याच पेशंटमध्ये चालून जातं. डावं व्हेंट्रिकल आवळायला लागतं तेव्हा महाधमनीची झडप बंद असते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा वर गेल्याशिवाय ती उघडत नाही. ८० असेल तर ८० पर्यंत जोर लावायचा, काकांना १०४ पर्यंत. तोवर एक थेंब बाहेर नाही. थकलेल्या हृदयाचा अर्धा जीव तिथेच जातो.

पण तीच झडप अरुंद झालेली असेल तर दंडावर ११० दिसेल आणि आत व्हेंट्रिकल १८० चा दाब काढत असेल. तिथे बीपी पाहून आफ्टरलोड कमी म्हणालात तर फसलात. आफ्टरलोड म्हणजे रक्त बाहेर ढकलताना व्हेंट्रिकलच्या भिंतीवर येणारा भार, मग तो कशामुळेही येवो.

ओली_शाई, पुढच्या वेळी वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर बघा. १३० आणि १०४ मध्ये फक्त २६. ते वरच्या आकड्याच्या पावपटीखाली गेलं, हातपाय गार असले आणि लघवी ताशी किलोमागे अर्ध्या मिलीखाली असली, म्हणजे काकांना ३० च्या खाली, तर ठोक्याला रक्त कमी जातंय असा संशय घ्यायचा आणि लगेच कळवायचं. १०४ च्या आकड्याने सिस्टरना तेच सांगितलं असणार, तुम्हाला मात्र तो चांगला वाटला.

निवांत
मी नर्स नाही, मावशीची काळजी घेतो म्हणून वाचतोय. तिला हार्ट फेल्युअर सांगितलंय, पण रिपोर्टवर ईएफ ६०. इथल्या हिशोबाने तर हृदय उत्तम! तिलाही फ्युरोसेमाइड आहे. चार दिवसांत वजन तीन किलो उतरलं, सूज गेली, पण उठताना चक्कर येते. पाणी वाढवू का?

रात्रपाळी
निवांत, पाणी किंवा गोळी इथे विचारून बदलू नका. उठताना चक्कर आणि वजन इतकं खाली, हे आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. बसलेलं आणि उभं राहिल्यावरचं बीपी मोजून आकडे हाताशी ठेवा.

ईएफचं म्हणाल तर, काही हृदयं सैल न होता ताठर होतात. पिळतात नीट, भरत नाहीत. समजा ८० मिलीच भरलं, त्याचे ६० टक्के म्हणजे ४८. टक्केवारी छान, रक्त कमी. अशा हृदयात पाणी थोडं जास्त काढलं तरी आउटपुट लगेच पडतं.

गणित_कच्चं
म्हणजे ताठर हृदयाला सलाइन चालेल?

रात्रपाळी
तिथे थोडं जास्त झालं तरी फुप्फुसं भरतात. दोन्हीकडची जागा अरुंद. किती द्यायचं यावर आमच्याकडच्या दोन कन्सल्टंटचंही राउंडला एकमत होत नाही.

ओली_शाई
आज काकांना परत पाहिलं. नायट्रोग्लिसरीनची ड्रिप सुरू आहे. बीपी ११२/७४, पल्स ९२, लघवी ताशी ५५. बीपी उतरलं आणि लघवी वाढली! अंतर ३८ झालंय, तेही वहीत लिहिलं.

एकच अडलंय ताई: नायट्रोग्लिसरीन शिरा सैल करतं म्हणून प्रीलोड उतरतो असं पुस्तकात आहे. मग १०४ चे ७४ कुणी केले?

रात्रपाळी
ड्रिपचा डोस किती चालू होता ते चार्टवर बघून लिहा. कमी डोसला मुख्यतः शिरा, वाढवला की धमन्याही. डोस कळल्याशिवाय मी पैज लावणार नाही.